यांच्यासाठी मुक्तछंद

मैत्रिणींनो, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून यांच्यासाठी कविता लिहायला बसले. पहिली ओळ आली, ‘तुम्ही माझे सूर्य’. मलाच हसू आलं. आमच्याकडे सूर्य म्हणजे जेवण आटपायची घाई! शिवाय ती ओळ कुणाच्याही नवऱ्याला चालली असती. खोडली.

मी कॉमर्सची. जमाखर्च मांडावा तशी यांची कामं लिहून काढली. पण ती नुसती किराण्याची यादी झाली. मग एकच काम ठेवलं. यमक जुळवायला गेले की ‘फडकं’ बदलावं लागायचं, म्हणून मुक्तछंद. वाचताना श्वास थांबेल तिथे ओळ तोडली.

पाणी गाळायचं फडकं
अजून तुम्हीच वाळत घालता,
चारही कोपरे ताणून.
माझा हात वर जात नव्हता
ते एकोणीस साल.
खांदा कधीच बरा झाला.
फडकं तुमच्याकडेच राहिलं.

खाली ‘हेच प्रेम’ अशी आणखी एक ओळ होती. फडक्याने सांगून झालं होतं, म्हणून ती काढली.

यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “एकोणीस नाही, अठरा.”

दुरुस्त केलं.