पाळता येईल तेवढेच लिहावे

अ‍ॅशबर्नमधील एका भगिनीने येवल्याच्या पैठण्यांचे ऑनलाइन दुकान उघडले, तेव्हा त्याची माहितीपाने मी लिहिली. ‘ग्राहकाचे समाधान हेच ध्येय’ कोणीही लिहितो. त्यातून काहीच कळत नाही. म्हणून साड्या कोण आणते, दूरध्वनी कोण उचलते, हे लिहिले. फॉल-पिको केलेली साडी परत घेणार नाही, हेही सांगितले. सर्वाधिक विचार माल पाठवण्याच्या मुदतीचा केला. ती न दिल्यास अमेरिकेच्या संघीय नियमानुसार ३० दिवस धरली जाते. दिल्यास तिला वाजवी आधार लागतो. उशीर होणार असेल, तर ग्राहकाला कळवून मागणी रद्द करण्याची व पैसे परत घेण्याची मुभा द्यावी लागते. येवल्याहून साडी येण्यास दोन आठवडे लागत. म्हणून आम्ही २१ दिवस लिहिले.