डोळ्यांना पदर लावण्याआधी

मैत्रिणींनो, आधी माझीच चूक सांगते.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाची नाटुकली बसवायचं काम माझ्याकडे आलं. वर्गात एक मुलगी होती. पायात दोष, कुबडी घेऊन चालायची. तिलाही घ्यायला हवं, म्हणून मी तिला मधोमध खुर्चीवर बसवलं, हातात निरांजन दिलं, आणि भोवती बाकीची मुलं गाणं म्हणत फिरली. पडदा पडला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांचे डोळे पाणावलेले. मला वाटलं, कार्यक्रम जिंकला!

दुसऱ्या वर्षी तालमींच्या पहिल्याच दिवशी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, औंदा तरी माका बोलूक काय हा?"

मी गप्पच झाले. खरंच की! गेल्या वर्षी तिला एक वाक्यही दिलं नव्हतं. रंगमंचावर ती होती, पण नाटकात नव्हती. लोक रडले ते तिच्या कुबडीकडे बघून. ती स्वभावाने कशी आहे, किती मिश्कील आहे, कुणाची नक्कल किती हुबेहूब करते, यातलं काही कुणाला कळलंच नाही.

तेव्हापासून मला एक खोडच लागली. सिनेमात आंधळं, पांगळं, मुकं पात्र आलं की मी डोळ्यांना पदर लावण्याआधी बघते, याला बोलायला काही दिलंय का?

'श्वास' तुम्ही पाहिला असेल. संदीप सावंत यांचा, २००४ साली आलेला. आपल्याच सिंधुदुर्गातला निसर्ग त्यात आहे, म्हणून आपल्याला तो घरचाच वाटतो. कोकणातल्या खेड्यातला लहानगा परश्या. त्याच्या डोळ्यांना कर्करोग झालाय. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागणार, आणि मग दृष्टी कायमची जाणार. आजोबा त्याला शहरात घेऊन येतात. आजोबा अरुण नलावडे यांनी केले आहेत, परश्या अश्विन चितळेने.

आता ही गोष्ट एखाद्या रडव्या चित्रपटाच्या हाती लागली असती तर काय झालं असतं? परश्या समजूतदार, देवाघरचं लेकरू दाखवला असता. आयत्या वेळी चमत्कार झाला असता, नाहीतर शस्त्रक्रियेच्या टेबलावर सारंगी वाजली असती. इथे तसं होत नाही. परश्या हट्टी आहे, चिडतो, आदळआपट करतो. म्हणजे त्याच्या वयाची मुलं असतात तसाच आहे.

आणि चित्रपटाचा कणा कुठला, तर डॉक्टरांचा आग्रह. शस्त्रक्रियेनंतर दिसणार नाही, हे परश्याला आधी सांगितलंच पाहिजे. मोठ्यांना वाटतं, एवढ्याशा पोराला कसं सांगायचं? आपणही घरात हेच करतो ना? "त्याच्यासमोर बोलू नका." पण डोळे त्याचे आहेत, तेव्हा कळण्याचा हक्कही त्याचाच. माझ्या मते मान ठेवणं म्हणतात ते हेच.

मग आजोबा नातवाला घेऊन इस्पितळातून नाहीसे होतात. सगळीकडे शोधाशोध, डॉक्टर संतापलेले. आजोबांनी काय केलेलं असतं? डोळे आहेत तोवर परश्याला शहर दाखवलेलं असतं. तिथे रडू येतं, मलाही आलं. पण ते 'बिचारा' म्हणून आलेलं रडू नव्हे. एका माणसाने दुसऱ्यासाठी काही केलं, ते बघून आलेलं होतं. शेवटी परश्या होडीतून गावी परततो. दिसत नाही, पण आजोबांनी घेऊन दिलेली शिट्टी वाजवतो आणि काठावर घरची माणसं वाट बघत असतात. डोळे परत आलेले नाहीत, आणि तरी पोरगं पोरगंच राहिलंय.

तरीही एक गोष्ट खटकते, तीही सांगते. 'श्वास' खरा आजोबांचा आहे. होडी काठाला लागते आणि चित्रपट संपतो. परश्याचा पुढचा प्रश्न तिथे सुरू होतो. शाळेत कसा जाणार? मित्र खेळायला घेतील का? मोठा होऊन काय करणार? हे तिथे नाही. चित्रपट उत्तम आहे, पण आंधळ्या माणसाच्या आयुष्याचा चित्रपट म्हणून तो पुरा नाही.

तो पुढचा भाग बघायचा असेल तर आपल्या सई परांजपे यांचा 'स्पर्श' शोधून काढा. हिंदी आहे, १९८० सालचा. त्यातला अनिरुद्ध अंधशाळेचा मुख्याध्यापक आहे. नसीरुद्दीन शाह यांनी केलाय. चित्रीकरण दिल्लीतल्या खऱ्या अंधशाळेत झालं आणि तिथली खरी मुलं त्यात आहेत. ती मुलं कोपऱ्यात बसून उसासे टाकत नाहीत. मस्ती करतात, शिकतात.

कविता, म्हणजे शबाना आझमी, त्या शाळेत काम करायला येते. एकदा कॉफीच्या वेळी ती चटकन मदतीला पुढे होते आणि अनिरुद्ध चिडतो. त्याला मदत चालते, कीव चालत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, एवढं काय चिडायचं? मग विचार केला, सासरी आल्या आल्या "राहू दे, तुला नाही जमायचं" म्हणत कुणी हातातली पळी काढून घेतली तर आपल्याला काय वाटतं?

पुढे दोघांचं लग्न ठरतं, आणि अनिरुद्धच्या मनात किडा शिरतो. ही विधवा, त्यागाची सवय लागलेली. माझ्याशी लग्न करते तेही पुण्य म्हणून तर नव्हे? तो लग्न मोडतो. इथे चूक बरीचशी त्याची आहे, आणि सईबाईंनी ती त्याला करू दिली. जुन्या 'दोस्ती'त, १९६४ सालच्या, अंध मोहन आणि लंगडा रामू दोघेही गुणांचे पुतळे. असा माणूस आपण देव्हाऱ्यात ठेवतो, पंगतीत बसवत नाही. अनिरुद्धशी मात्र मनातल्या मनात भांडता येतं.

तेव्हा पुढचा चित्रपट बघताना एवढं करून बघा. त्या पात्राची कुबडी किंवा काळा चष्मा घटकाभर मनातून बाजूला ठेवा. मागे माणूस उरतो का? त्याला आवडनिवड, राग, लबाडी आहे का? त्याच्या बाबतीतला निर्णय कोण घेतं? दुःखाच्या क्षणी कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर आहे, की त्याच्याकडे बघून रडणाऱ्या नायिकेच्या? आणि शेवटी तो बरा होतो किंवा मरतो, या दोहोंपलीकडे लेखकाला तिसरं काही सुचलंय का? अपंग पात्र नायकाचं मोठं मन दाखवण्यापुरतंच आणलं असेल, तर ते माझ्या खुर्चीवरच्या मुलीसारखं समजा. हातात निरांजन, तोंडाला कुलूप.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. त्या वर्षी तिला मी कजाग सासूची भूमिका दिली. "कुबडी?" असं मी चाचरत विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हवांदे. सुनेक दाखवूक बरी!" आणि खरोखरच तिने ती सुनेवर अशी काही उगारली की सगळं सभागृह हसलं. पुढच्या रांगेतल्या त्याच बायका पोट धरून हसत होत्या.

डोळ्यांत पाणी त्याही वर्षी आलं, पण ते हसून हसून.