काटा फिरतो, सावली फिरत नाही

तुमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दिवसा, खिडकीचा उजेड त्यावर पडत असताना जरा निरखून पाहा. काटे तबकडीला चिकटलेले नसतात, थोडे वर तरंगत असतात. म्हणून प्रत्येक काट्याची तबकडीवर सावली पडते. काटा दिवसभर गोल फिरतो, पण सावली नेहमी त्याच बाजूला सरकलेली असते, उजेडाच्या विरुद्ध बाजूला. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, की फोटोतल्या घड्याळाची वेळ बदलता येते. ती विसरली, तर बाकी कितीही नेटकं काम करा, बघणाऱ्याला काहीतरी खटकतंच.

मला हे काम करायची वेळ आली ती भाचीच्या बारशाच्या निमंत्रणासाठी. तिचा जन्म दुपारी 4 वाजून 35 मिनिटांचा. आईची इच्छा होती, की पत्रिकेवर आजोबांचं चावीचं घड्याळ असावं आणि त्यात तीच वेळ दिसावी. घड्याळ आता आमच्याकडे नाही. जुनं घर विकलं तेव्हा तेही गेलं. उरलाय तो एक फोटो, त्यात दहा वाजून आठ मिनिटं झालेली. ज्या घड्याळाला आईने वर्षानुवर्षं दर आठवड्याला चावी दिली, त्यातली चूक तिच्या नजरेतून सुटणार नव्हती. 

सुरुवात हिशेबाने करा. 4:35 ला मिनिट काटा सातच्या आकड्यावर असतो, हे सोपं. तास काटा मात्र बरेच जण थेट चारवर ठेवतात, आणि चित्र तिथेच खोटं पडतं. तास काटा दर 12 मिनिटांनी एक बारीक खूण पुढे जातो. पस्तीस मिनिटांत तो जवळजवळ तीन खुणा सरकतो. चारचा आकडा म्हणजे विसावी खूण, त्यामुळे आपला काटा तेविसाव्या खुणेच्या अगदी किंचित अलीकडे हवा. म्हणजे चार आणि पाच यांच्या मध्यावरून थोडा पुढे.

मग फोटोच्या प्रतीवर काम सुरू करा, मूळ फोटोला हात लावू नका. लेयर असलेलं कुठलंही चित्रकलेचं ॲप चालतं. मी मोबाइलवर ibisPaint वापरलं. आधी दोन्ही काटे त्यांच्या कडांवरून कापून वेगवेगळ्या लेयरवर घेतले, सावली न घेता, फक्त काटे. काट्याचं मधलं भोकही नीट कापा, कारण पुढे तेच मध्यावर बसवायचं असतं.

आता खालची तबकडी स्वच्छ करायची. काटे आणि त्यांच्या जुन्या सावल्या, दोन्ही पुसायला हवेत. नुसता पांढरा रंग फासू नका. जुनी तबकडी एकसारखी पांढरी नसते. आमची पिवळसर होती, खिडकीच्या बाजूला उजळ आणि पलीकडे मंद. म्हणून शेजारचाच तुकडा उचलून वर ठेवायचा आणि त्याच्या कडा मऊ करायच्या. काट्याखाली झाकलेल्या मिनिटांच्या खुणा दुसरीकडून आणून फिरवून बसवता येतात, कारण त्या सगळ्या सारख्या असतात.

यानंतर काटे फिरवा. फिरवून झालं की काटा ओढत नेऊन त्याचं भोक बरोबर मध्यावर आणा आणि टोक ठरलेल्या खुणेकडे आहे ना, ते पाहा. तास काटा खाली, मिनिट काटा वर आणि मधली टोपी सगळ्यांच्या वर. खऱ्या घड्याळात हाच क्रम असतो.

आता खरी परीक्षा, सावलीची. आमच्या फोटोत उजेड डावीकडच्या वरच्या झरोक्यातून येत होता, म्हणून सावल्या उजवीकडे खाली पडलेल्या. दहा-आठला मिनिट काटा उजवीकडे वर रोखलेला, म्हणजे उजेडाच्या वाटेला आडवा. त्यामुळे त्याची सावली लांबलचक पट्ट्यासारखी दिसत होती. तास काटा मात्र झरोक्याकडेच तोंड करून होता. त्याची सावली त्याच्याच पोटाखाली लपलेली, फक्त टोकाजवळच्या पानासारख्या फुगवट्यामागून थोडी डोकावत होती.

समजा, मी मिनिट काटा सावलीसकट उचलून सातवर फिरवला असता. काय झालं असतं? सावली काट्याच्या वरच्या डाव्या बाजूला, चक्क झरोक्याकडे पडली असती. म्हणूनच सावली नव्याने काढायची.

ती अशी. फिरवून झालेल्या काट्याच्या लेयरची एक प्रत करा आणि ती मूळ काट्याच्या खाली ठेवा. प्रतीत गडद रंग भरा. रंग काळा नको. पुसायच्या आधीच्या फोटोतल्या सावलीवरून उचललेला हवा, आमच्याकडे तो तपकिरी निघाला. मग प्रत न फिरवता नुसती सरकवा, मूळ सावली ज्या दिशेला आणि जितकी सरकली होती, तितकीच. आमच्या मिनिट काट्याची सावली काट्याच्या रुंदीएवढी दूर होती. तास काटा तबकडीच्या जास्त जवळ असतो, म्हणून त्याची सावली कमी सरकवायची, मी निम्मी सरकवली. शेवटी Gaussian Blur ने कडा थोड्या विरवायच्या, वरच्या काट्याच्या सावलीच्या जरा जास्त. लेयर Multiply वर ठेवला, की सावलीखालच्या खुणा आणि आकडे झाकले न जाता दिसत राहतात.

आता निकाल पाहा. 4:35 ला तास काट्याचं टोक बरोबर सावलीच्याच दिशेला येतं. त्यामुळे बाजूला पट्टा दिसतच नाही, फक्त टोकाच्या पुढे छोटीशी सावली निघते. मिनिट काट्याच्या उजव्या बाजूला मात्र सलग पट्टा. दोन काट्यांच्या सावल्या इतक्या वेगळ्या दिसतात, की पहिल्यांदा तेच चुकलंय असं वाटतं. पण मनातली शंका घालवायला सोपा उपाय आहे. घड्याळाच्या चौकटीची आतल्या बाजूला पडलेली सावली पाहा. तिची दिशा आणि काट्यांच्या सावल्यांची दिशा जुळली, म्हणजे काम बरोबर.

काळ्या, सपाट काट्यांना एवढं पुरतं. काटे पितळी असतील तर आणखी एक काम वाढतं. चकाकी सावलीसारखी नुसती सरकत नाही, ती काट्याच्या उजेडाकडच्या कडेवर असते. काटा अर्धा फेरा फिरवला, की चकाकी अंधाराच्या बाजूला जाते. ती पुसून दुसऱ्या कडेवर काढावी लागते. काचेवरचं प्रतिबिंब मात्र जिथे आहे तिथेच राहायला हवं, नव्या काट्यांच्याही वर. आणि फोटो बाजूने घेतलेला असेल, तबकडी अंड्यासारखी दिसत असेल, तर आधी ती सरळ गोल करून घ्या. नाहीतर फिरवलेला काटा आखूड किंवा लांब दिसतो.

पत्रिकेच्या खाली आम्ही बारीक अक्षरात छापलं, ‘घड्याळातील वेळ रेखाटलेली आहे.’ आठवणीच्या फोटोत वेळ बदलणं ठीक, पण बघणाऱ्याला ते माहीत असावं. ज्या फोटोवरून कुणी वेळेचा पुरावा मानणार असेल, त्याला तर हात लावूच नये.

आईने पत्रिका फोनवर मोठी करून बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, “संध्याकाळच्या चहाच्या आधी अशीच दिसायची सातवर. पण त्या वेळी उजेड दुसरीकडून यायचा.”

तिचं बरोबर होतं. सकाळचा उजेड दुपारच्या वेळेवर मी तसाच राहू दिला होता, कारण फोटोतला सगळा उजेड सकाळचाच होता आणि काट्यांनी त्याच्याशीच जुळायचं होतं. तेवढ्यावर आईचंही समाधान झालं. पत्रिका तिनेच सगळ्यांना पाठवली.