दारापुरती नजर

आस्थापना शाखेत रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात त्याच्याशी गाठ पडते. महिन्याचा हजेरी डॅशबोर्ड. डावीकडे नावं, वर तारखा, मधे रंगीत चौकोन. स्वभावानं सरळ, पण नजर दारापुरती. यंत्रावर कोणी, किती वाजता बोट लावलं एवढंच त्याला कळतं. बाकी जगाचं सोयरसुतक नाही.

आमच्याकडे त्याचे रंग असे. येणं-जाणं वेळेत झालं की हिरवा, उशीर झाला की पिवळा. मंजूर रजा किंवा दौरा निळा, सुट्टी राखाडी. दिवसभरात एकच पंच सापडला की केशरी. तो येतानाचा की जातानाचा हे ठरवता येत नाही, म्हणून हा गडी त्या दिवसाचे तास शून्य धरतो. लाल म्हणजे गैरहजर, असा सगळ्यांचा समज. खरं तर लाल म्हणजे त्याच्यापर्यंत काहीच पोहोचलेलं नाही, ना पंच, ना रजेची नोंद. माणूस दौऱ्यावर, आदेश तुमच्याच टेबलावर, नोंद तेवढी राहिलेली. हा मात्र लाल फासून मोकळा.

म्हणून लाल दिसला की आधी उभं पाहा, मग आडवं. एका तारखेखाली वरपासून खालपर्यंत लाल पट्टा असेल, तर बहुधा यंत्र बंद होतं किंवा नोंदी सर्व्हरवर गेल्याच नाहीत. अख्खं कार्यालय एकाच दिवशी दांडी मारत नाही, मार्चअखेरीला तर नाहीच. एकाच नावापुढे लाल रांग असेल, तर त्या माणसाचे अर्ज आणि आदेश काढा.

हिरव्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि तिथेच तो फसवतो. रात्रीच्या पहारेकऱ्याची ओळ घ्या. सोमवारी रात्री दहाला तो येतो, मंगळवारी सकाळी सहाला जातो, रात्री दहाला पुन्हा येतो. डॅशबोर्ड तारखेतला पहिला पंच येण्याचा आणि शेवटचा जाण्याचा धरतो. त्यामुळे सोमवार केशरी, आणि मंगळवार ते शनिवार हिरवेगार. त्यातल्या कुठल्याही चौकोनावर माऊस नेऊन पाहा: आगमन ६:००, निर्गमन २२:००, सोळा तास! नेमका तो घरी झोपलेला असतो तेवढा वेळ याच्या लेखी कामाचा. रविवारच्या सुट्टीत सकाळी सहाचा एक पंच उरतो तो वेगळाच.

अशा वेळी सोमवारचा केशरी चौकोन हातानं हिरवा करून भागत नाही. पुढच्या सोमवारी तो पुन्हा केशरी होणारच. कर्मचाऱ्याच्या माहितीत जाऊन पाळी ‘रात्रपाळी’ करा, म्हणजे सकाळचा पंच आदल्या तारखेला जोडला जाईल. मग मागच्या तारखांचा हिशेब पुन्हा चालवा, सोमवारी आठ तास आले का ते बघा, आणि त्यानंतरच हजेरी पगारबिलाकडे पाठवा.