झाड वाळलं, तरी एनडीव्हीआय वाढला

पावसाची उघडीप मिळाली की सॅटेलाइटचा नवा फोटो येतो आणि डाळिंबाची बाग गडद हिरवी दिसली की आपण निवांत होतो. पण तो हिरवा रंग झाडाचा की गवताचा, हे आधी बघा.

एनडीव्हीआय रोग मोजत नाही, पाणीही मोजत नाही. हिरवं पान लाल उजेड शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड परत फेकतं. त्या दोन्हींचा हा हिशेब:

`NDVI = (NIR - Red) / (NIR + Red)`

म्हणजे त्या जागेवर हिरवा पाला किती, एवढंच कळतं. पाला कुणाचा, ते नाही.

आता आपल्याकडची 15 बाय 10 फुटांची लागवड घ्या. सेंटिनेल-2 चा एक ठिपका 10 बाय 10 मीटरचा, त्यात साधारण सात झाडं बसतात. समजा झाडांची सावली 40 टक्के जागेवर, बाकी उघडी माती. पान लाल 5 टक्के आणि इन्फ्रारेड 45 टक्के परत देतं, माती 15 आणि 20, असं धरू. ठिपक्याचा आकडा येतो 0.46. सातातलं एक झाड मर रोगानं पार वाळलं, पानं गेली, तर 0.42. एवढा फरक तर हलक्या ढगानंही पडतो. आणि त्याच वेळी ओळींमधल्या 15 टक्के जागेवर तण आलं असेल, तर आकडा चढून 0.52! झाड गेलं आणि नकाशा जास्त हिरवा झाला.

मर रोग मुळांवाटे आणि वाहत्या पाण्यातून शेजारच्या झाडाला लागतो, म्हणून इथं आठवडा गेला तरी महागात पडतं. सुरुवातीला एखादीच फांदी पिवळी पडते. ती सॅटेलाइटला दिसायची नाही, ओळीतून चालणाऱ्या माणसालाच दिसते. संशय आला तर खोडाचा किंवा मुळाचा आडवा छेद घ्या. आत काळपट तपकिरी डाग दिसला, तर मरचीच शंका धरा आणि नमुना तपासून घ्या.

मी फोटो बघतो तो तण काढल्यावर, आणि एका तारखेला आपल्याच बागेतले ठिपके एकमेकांशी ताडून. बाकीच्यांपेक्षा जो कोपरा दोन फोटोंत खालीच राहतो, तिथं आधी ड्रिपर बघतो, मग मुळं. ड्रोनचा फोटो झाडागणिक दिसतो, त्यात माती आणि गवत वगळून फक्त झाडांचा आकडा काढता येतो. तेव्हा ड्रोनवाल्याला तेवढं करून मागा, नुसता रंगीत नकाशा घेऊ नका.

बहाराच्या ताणात ॲप लाल इशारा देतं, त्याला घाबरू नका. पाणी आपणच तोडलंय, पानगळ आपल्यालाच हवीय, हे त्याला कुठं ठाऊक! त्या काळात बघायचंच असेल तर उलटं बघा: सगळी बाग उतरली आणि एक पट्टा हिरवाच राहिला, तर तिथं कुठून तरी पाणी मुरतंय. पाटाची फूट नाहीतर गळकी पाइपलाइन शोधा.