अबोल्यातील हिंसा

अहिंसा म्हणजे हात न उगारणे, एवढाच अर्थ आम्ही बरीच वर्षे धरून बसलो होतो. त्या दृष्टीने पाहिले तर आमच्या धर्मग्रामातील ते दोन भाऊ अगदी अहिंसक म्हणावे लागतील. त्यांनी कधी एकमेकांना शिवी दिली नाही. त्यांनी फक्त दोन वर्षे अबोला धरला होता.

कारण होते सामाईक विहिरीवरील पंपाचे वीजबिल. दोन महिन्यांचे बिल सुमारे १,८०० रुपये येई. थोरल्याचे म्हणणे, निम्मे निम्मे भरावे. धाकट्याचे म्हणणे, आपली वाडी लहान, पाणी कमी लागते, मग निम्मे का? थोरल्याने सगळे बिल स्वतः भरले आणि बोलणे बंद केले. अखेर त्यांच्या वृद्ध आईने जेवण सोडले. दुसऱ्याच दिवशी मुलांनी तिच्यासमोर हात मिळवले. त्या माउलीच्या प्रेमाचे आम्ही तोंड भरून कौतुक केले. परंतु आठवड्याच्या आत अबोला पूर्ववत सुरू झाला आणि आम्ही विचारात पडलो.

त्या वेळी गांधीजींच्या आत्मकथेतील अहमदाबादच्या गिरणी संपाचे प्रकरण आम्ही पुन्हा वाचले. १९१८ साली प्लेगचा बोनस बंद झाल्यावर कामगार पन्नास टक्के वाढ मागत होते; मालक वीस टक्क्यांपुढे जाण्यास तयार नव्हते. गांधीजींनी आधी परिस्थितीची चौकशी केली आणि पस्तीस टक्के ही मागणी न्याय्य ठरवली. म्हणजे ज्यांची बाजू घ्यायची, त्यांचीच मागणी त्यांनी प्रथम खाली आणली! अहिंसेची सुरुवात आपल्या बाजूचे अतिरिक्त माप काढून टाकण्यापासून होते, हे आम्हांला तेथे उमगले.

पुढे कामगारांचा धीर सुटू लागला, तेव्हा त्यांना सावरण्यासाठी १५ मार्चला गांधीजींनी उपवास आरंभला. तीन दिवसांत प्रश्न लवादाकडे सोपवण्याचे ठरले आणि पुढे लवादाने पस्तीस टक्केच दिले. तरीही गांधीजींनी या उपवासात मोठा दोष असल्याचे स्वतःच कबूल केले आहे. गिरणीमालक त्यांचे स्नेही होते. उपवास कामगारांसाठी असला तरी त्याचे दडपण त्या स्नेह्यांवर पडणारच होते. दडपणाखाली दिलेला होकार हा मन वळल्याचा होकार नव्हे.

आमच्या त्या माउलीच्या घरी हेच घडले होते. मुलांनी हात मिळवले ते आईच्या भयाने. बिलाचा प्रश्न जागच्या जागी राहिला. अबोल्याचेही तसेच. समोरच्याने शरण यावे म्हणून आपण त्याला आपल्या सहवासाला पारखे करतो. राग शांत होईपर्यंत गप्प राहणे वेगळे. त्या मौनाला शेवट असतो, आणि ‘उद्या बोलू’ असे सांगता येते. अबोल्याला शेवट नसतो. त्याला फक्त विजय हवा असतो.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने क्रम घालून दिला आहे: प्रथम दोघांनीच एकांतात बोलावे, मग एक-दोन साक्षीदार न्यावेत, ख्रिस्तसभेपुढे जाणे त्यानंतर. आम्ही थोरल्याला म्हणालो, “दादा, आईला मध्ये न घेता तुम्ही स्वतः भावाकडे जा.” तो गेला, पण दोघेही जुनेच उगाळत बसले. मग साक्षीदार म्हणून आम्ही गेलो. एकच अट घातली: उत्तर देण्यापूर्वी दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे आणि तो ‘होय, हेच’ म्हणेपर्यंत थांबायचे. धाकट्याला तीन वेळा सांगावे लागले. तिसऱ्या खेपेस तो म्हणाला, “दादाला पैशांपेक्षा हे लागलंय, की बिल भरल्याचं मी कधी नावच काढलं नाही.” थोरल्याने मान खाली घातली.

नंतर पंपाजवळ एक वही टांगली. महिनाभर दोघांनी आपापले तास लिहिले. थोरल्याचे साठ भरले, धाकट्याचे तीस. थोरल्याने निम्म्याचा हट्ट सोडला. धाकट्याने तिसरा हिस्सा, सहाशे रुपये, मान्य केला आणि मागील बाकीही हप्त्यांनी फेडली.

येथे एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. ज्या घरात मारहाण होते, तेथे हा क्रम लागू करू नये. मार खाणाऱ्या स्त्रीला ‘एकांतात बोल, सोसून घे’ असे सांगणे म्हणजे हिंसेलाच हातभार लावणे. तेथे प्रथम तिला सुरक्षित जागी न्यावे आणि कायद्याचे साहाय्य मिळवून द्यावे.

ती वही अजून विहिरीवर आहे. मध्यंतरी आम्ही ती चाळली. एका पानावर धाकट्याच्या तासांपुढे थोरल्याच्या अक्षरात लिहिले होते: ‘आज माझ्या वाडीलाही यानेच पाणी सोडले. तास माझ्या नावावर धरावेत.’