‘खर्च’ या एका शब्दाची फोड

पुण्याच्या गुलटेकडी बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर मी दिवाणजी म्हणून हिशेब लिहीत असे. एके सकाळी शिरूरकडचे एक वृद्ध शेतकरी चौपदरी घडी घातलेली हिशेबपट्टी माझ्या पुढ्यात उलगडून म्हणाले, “दिवाणजी, माझ्या कांद्याला चौदाचा भाव फुटला, मी उभा होतो तिथं. मग पट्टीवर साडेबारा कसा आला?”

पट्टी माझ्याच हस्ताक्षरातली होती : २४ गोण्या, १,२०० किलो, दर १२.५०, एकूण १५,०००, खर्च ३,७०४, अदा ११,२९६. बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. तथापि तिच्यातून सत्य कळत नव्हते, ही जाणीव मला त्या प्रश्नाने प्रथमच झाली.

मी काटापट्टी आणि लिलावाची नोंद काढून त्यांच्यादेखत नवी पट्टी लिहावयास बसलो. मोठा माल १८ गोण्या, ९०० किलो, दर १४, रुपये १२,६००. गोलटी ६ गोण्या, ३०० किलो, दर ८, रुपये २,४००. दोन वकलांची सरासरी मांडून मी एक ओळ वाचविली होती, आणि त्या सरासरीने त्यांच्या कानांनी ऐकलेला भावच खोटा ठरविला होता.

त्यानंतर ‘खर्च’ या शब्दाची फोड केली. गाळ्याने टेम्पोवाल्यास परस्पर दिलेले भाडे गोणीमागे ६० प्रमाणे १,४४०, हमाली ८ प्रमाणे १९२, तोलाई ३ प्रमाणे ७२, एकंदर १,७०४. अडतीच्या रकान्यात शून्य घातले, कारण २०१६ पासून फळे-भाजीपाल्यावरील अडत खरेदीदाराकडून घ्यावयाची, आणि रकाना कोरा ठेवल्यास शंकेला जागा राहते. याप्रमाणे मालाची निव्वळ रक्कम १३,२९६ झाली. उरलेले २,००० ही त्यांनी बारदानासाठी नेलेली उचल होती. ती खर्च नव्हे, कर्जफेड होय, म्हणून निव्वळ रकमेच्या खाली तारखेसह वेगळी वजा दाखविली. शेवटचा आकडा ११,२९६ हाच राहिला.

पट्टी वाचता वाचता त्यांचे बोट गोलटीपाशी थांबले. “म्हणजे सातशेच्या गोणीला एकाहत्तर आणि चारशेच्या गोणीलाही एकाहत्तरच!” खर्च गोणीवर बसतो, भावावर नव्हे, ही गोष्ट मी वर्षानुवर्षे लिहीत होतो, पण दाखवीत नव्हतो. गोलटी गावातच सहा रुपयांनी मागत होते, असे ते पुटपुटले, तेव्हा गोणीमागचे ४०० वजा ७१ म्हणजे ३२९, आणि गावचे ३००, असा ताळा आम्ही पट्टीच्या पाठीवर मांडला. अवघ्या एकोणतीस रुपयांचा फरक. गावचा भाव सहा रुपये साठ पैशांवर गेला की पुण्याला आणणे आतबट्ट्याचे.

काट्यावरच वजन कमी भरले असेल, तर ते कोणतीही पट्टी उघड करू शकत नाही. म्हणून काटापट्टीचा क्रमांक मी तेव्हापासून प्रत्येक वकलासमोर लिहू लागलो. त्यांनी नवी पट्टी खिशात ठेवली, आणि जुनी मला परत दिली.